नकाराची उक्ती आणि तिची सिद्धी : मुळशी सत्याग्रहाच्या संदर्भात

१. प्रास्ताविक

जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेली व्याख्याने त्यांच्या निधनानंतर, १९६२ साली, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तेव्हापासून ‘बोलणे हीच एक कृती असते’ हा विचार भाषाभ्यासात रूढ झाला आहे. मराठीच्या वर्गात मात्र या विचाराची उदाहरणे बहुधा मूळ ग्रंथातूनच उचलली जातात. जहाजाला नाव देणे, चर्चमधील विवाहात होकार देणे, मृत्युपत्र करणे, ही ती उदाहरणे. त्यामुळे सिद्धांत पाठ होतो, परंतु उक्ती कोठे आणि का फसते याची जाण येत नाही. प्रस्तुत लेखात कृतिरूप उक्तीच्या सिद्धीच्या अटींचा विचार एका मराठी ऐतिहासिक प्रसंगाच्या आधारे करावयाचा आहे. पुणे जिल्ह्यातील मुळशी पेट्यात टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात जो सत्याग्रह झाला, तो हा प्रसंग होय. त्यातील एकाच उक्तीवर येथे लक्ष केंद्रित केले आहे : ‘आम्ही जमीन देत नाही.’

हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. बोलणाऱ्याचा हेतू प्रामाणिक आहे, आणि ऐकणाऱ्याला त्याचा अर्थही कळतो. असे असूनही विशिष्ट व्यवस्थेपुढे उच्चारले असता ते नकार ठरत नाही. हे कसे घडते, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

२. सिद्धीच्या अटी

‘पाऊस पडतो आहे’ हे विधान खरे किंवा खोटे असते. ‘मी या सूचनेला अनुमोदन देतो’ हे वाक्य खरे की खोटे असे विचारता येत नाही. ते उच्चारले की अनुमोदन दिले जाते. पहिल्या प्रकाराला निवेदनरूप आणि दुसऱ्याला कृतिरूप उक्ती म्हणता येईल. मराठीत कृतिरूप उक्ती प्रथमपुरुषी वर्तमानकाळात येते (‘मी जाहीर करतो’), सरकारी भाषेत ती कर्मणी होते (‘याद्वारे कळविण्यात येते’), आणि बोलभाषेत पुष्कळदा पूर्ण भूतकाळात येते. ‘दिला शब्द’, ‘लागली पैज’, ‘सोडला हक्क’ ही वाक्ये घडून गेलेल्या गोष्टीचे वर्णन करीत नाहीत. ती उच्चारण्यानेच ती गोष्ट घडते. कृती उच्चारासरशी पुरी झाली, हे मराठी बोलणारा क्रियापदाच्या रूपातूनच सांगतो. इंग्रजी उदाहरणांवर विसंबणाऱ्या अभ्यासकाच्या नजरेतून ही लकब निसटते.

कृतिरूप उक्ती खरी-खोटी नसली तरी सफल किंवा विफल होऊ शकते. ऑस्टिन यांनी तिच्या सिद्धीच्या अटी तीन जोड्यांत मांडल्या. पहिल्या जोडीत, अशी कृती घडविणारी सर्वमान्य रीत अस्तित्वात असली पाहिजे आणि ती चालविणाऱ्या व्यक्ती व परिस्थिती त्या रीतीला योग्य असल्या पाहिजेत. दुसऱ्या जोडीत, ती रीत सर्व संबंधितांनी बिनचूक आणि पूर्णपणे पार पाडली पाहिजे. तिसऱ्या जोडीत, त्या रीतीला अभिप्रेत असलेला भाव व हेतू बोलणाऱ्याच्या मनात असला पाहिजे, आणि पुढील वर्तन त्याला अनुसरून झाले पाहिजे.

पहिल्या दोन जोड्यांतील अट मोडली तर उक्ती वाया जाते. म्हणजे कृती घडतच नाही. तिसऱ्या जोडीतील अट मोडली तर कृती घडते, पण ती पोकळ ठरते. हा भेद ओळखण्याची सोपी कसोटी मराठी वाक्यरचनेतच सापडते. ‘त्याने शपथ घेतली, पण मोडली’ असे म्हणता येत असेल तर शपथ घडली होती. दोष तिसऱ्या जोडीचा आहे. ‘ती शपथ झालीच नाही’ असे म्हणावे लागत असेल तर दोष पहिल्या किंवा दुसऱ्या जोडीचा आहे. पैजेचेही तसेच. एकाने ‘शंभर रुपयांची पैज’ म्हटले आणि दुसऱ्याने ‘लागली’ म्हटले नाही, तर पैज लागलेलीच नसते. तेथे प्रामाणिकपणाचा प्रश्न उद्भवत नाही, कारण रीत अर्धवट राहिली आहे. पैज हरूनही पैसे न देणारा मात्र पैज लावूनच ती बुडवतो.

३. शासनाची घोषणा : सफल उक्तीचा नमुना

मुळशीतील नकार समजून घेण्यापूर्वी तो ज्या उक्तीच्या विरोधात उभा होता ती पाहणे आवश्यक आहे. जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घेतल्या जात होत्या. या कायद्याची रचना म्हणजे कृतिरूप उक्तींची एक साखळीच आहे. चौथ्या कलमान्वये जमीन सार्वजनिक प्रयोजनासाठी लागण्याचा संभव असल्याची अधिसूचना निघते. सहाव्या कलमान्वये ती लागत असल्याची घोषणा होते. नवव्या कलमान्वये हितसंबंधी व्यक्तींना नोटीस जाते, अकराव्या कलमान्वये कलेक्टर निवाडा देतो, आणि सोळाव्या कलमान्वये ताबा घेताच जमीन सर्व बोजांपासून मुक्त होऊन शासनाची होते.

यातील सहाव्या कलमाखालील घोषणा विशेष लक्षणीय आहे. ‘ही जमीन सार्वजनिक प्रयोजनासाठी लागत आहे’ हे वाक्य वरवर पाहता निवेदनरूप आहे. जमीन खरोखरच लागते काय, प्रयोजन खरोखरच सार्वजनिक आहे काय, असे त्याविषयी विचारता येईलसे वाटते. परंतु याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमाने ही घोषणा त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा मानली आहे. याचा परिणाम असा की, निवेदनाचा पेहराव केलेले वाक्य कृतीचे काम करते. जमीन लागते म्हणून घोषणा होते असे न राहता, घोषणा झाली म्हणून जमीन ‘लागते’ असे होते. तिच्या खरेपणाचा वाद घालण्याची वाटच कायद्याने बंद केली. उरतो तो फक्त सिद्धीच्या अटींचा वाद : घोषणेवर शासनाच्या सचिवाची किंवा शासनाचे आदेश प्रमाणित करण्यास अधिकृत असलेल्या अधिकाऱ्याची सही आहे काय, आधीची अधिसूचना रीतसर निघाली आहे काय?

अशी उक्तीही वाया जाऊ शकते, हे पुढील काळातील न्यायनिर्णयांवरून दिसते. चौथ्या कलमात राजपत्रातील प्रसिद्धीबरोबर त्या परिसरातील सोयीच्या ठिकाणी जाहीर सूचना लावणेही सांगितले आहे. राजस्थानच्या समान स्वरूपाच्या कायद्यातील अशा तरतुदीविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली खूबचंद विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात ही जाहीर सूचना अनिवार्य ठरविली आणि ती नसल्याने संपादनाची कार्यवाही रद्दबातल ठरवली. ऑस्टिन यांच्या परिभाषेत ही दुसऱ्या जोडीतील चूक होय. अधिकार होता, रीत होती. रीत पुरी झाली नाही. उक्ती कोणाच्या कानी पडली हा प्रश्न तिच्या सिद्धीशी किती जवळून निगडित आहे, हेही येथे दिसते.

४. नकार वाया कसा जातो

आता मावळ्याच्या बाजूने पाहू. समजा, १९२१ च्या सुमारास नवव्या कलमाखालील नोटीस मिळालेला एक शेतकरी नेमल्या दिवशी संपादन अधिकाऱ्यापुढे उभा राहतो आणि म्हणतो, ‘आम्ही जमीन देत नाही.’ अधिकारी त्याचे बोलणे ऐकतो. त्या बोलण्याची नोंद तो कोणत्या सदरात करील?

नोटिशीने त्याच्याकडून जे मागितले आहे ते ठरलेले आहे. जमिनीतील आपल्या हितसंबंधाचे स्वरूप त्याने सांगावे, भरपाईच्या मागणीची रक्कम व तपशील द्यावेत, आणि मोजणीविषयी काही हरकत असल्यास ती मांडावी. हरकत मोजणीला घेता येते. संपादनालाच हरकत घेण्याची जागा या यादीत नाही. संपादनाच्या प्रयोजनाविरुद्ध हरकत ऐकून घेण्याची तरतूद करणारे ‘पाच-अ’ हे कलम १९२३ च्या दुरुस्तीने कायद्यात आले. म्हणजे सत्याग्रह सुरू झाला त्या वेळी ‘देत नाही’ हे म्हणण्याची रीतच त्या दरबारात अस्तित्वात नव्हती. ऑस्टिन यांच्या पहिल्याच अटीवर उक्ती अडली. तिचा उच्चार झाला, अर्थही कळला, पण तिच्यातून नकाराची कृती घडली नाही.

येथपर्यंतचे विवेचन एका रिकाम्या जागेचे आहे. परंतु कायदा येथेच थांबत नाही. तो वाया गेलेल्या नकाराचे रूपांतर वेगळ्याच कृतीत करतो. तेव्हाच्या पंचविसाव्या कलमानुसार, नोटीस मिळाल्यावर ज्याने भरपाईची मागणी करण्याचे नाकारले किंवा पुरेशा कारणावाचून ती केली नाही, त्याला पुढे न्यायालयातही कलेक्टरने दिलेल्या रकमेपेक्षा अधिक मिळू शकत नसे. म्हणजे ‘देत नाही, म्हणून किंमतही सांगत नाही’ असे म्हणणाऱ्याची नोंद नकार म्हणून न होता ‘मागणी केली नाही’ अशी होई आणि तिचा तोटा त्यालाच सोसावा लागे. उलट त्याने किंमत सांगितली, तर जमीन जाणार हे गृहीत धरून त्याने रीतीत प्रवेश केला. किंमत सांगितली तर नकार खोटा पडतो, न सांगितली तर नकार शिक्षेस पात्र होतो. अशा पेचात सापडलेल्या उक्तीला केवळ विफल म्हणणे अपुरे आहे. तिच्या वक्त्याला एकच एक कृती करणे अशक्य करून ठेवले आहे.

रे लँग्टन यांनी १९९३ च्या एका निबंधात अशा स्थितीचे तात्त्विक विवेचन केले आहे. माणसाला बोलू न देणे हा मूक करण्याचा एक प्रकार. बोलू देऊन त्याच्या शब्दांची कृती होऊ न देणे हा दुसरा. त्यांचे विवेचन वेगळ्या क्षेत्रातील आहे, परंतु त्यांचेही मुख्य उदाहरण नकाराचेच आहे. मुळशीचे उदाहरण त्यात एक भर घालते : येथे नकार न ऐकला जाण्याचे कारण ऐकणाऱ्याच्या मनातील पूर्वग्रहात नसून कायद्याच्या कलमांच्या क्रमात आहे, आणि म्हणून ते नेमके दाखवून देता येते.

भरपाईचा स्वीकार हे याच साखळीतील पुढचे टोक. निवाड्याची रक्कम घेताना ती अपुरी असल्याची तक्रार नोंदवून घेण्याची मुभा एकतिसाव्या कलमात होती. तक्रारीवाचून रक्कम घेणाऱ्याला पुढे न्यायालयाकडे दाद मागण्याचा अर्ज करता येत नसे. पैसे हातात घेणे ही मुकी क्रिया. परंतु कायदा तिला ‘मान्य आहे’ या उक्तीचे मूल्य देतो. ‘तक्रार राखून’ हे दोनच शब्द उच्चारले तर त्याच क्रियेचा अर्थ पालटतो. मात्र हेही ध्यानात घेतले पाहिजे की, ही तक्रारसुद्धा रकमेच्या अपुरेपणाविषयीच असू शकते. जमीन देण्याविषयीची तक्रार तेथेही बसत नाही.

५. बोलणारा कोण?

दुसरा प्रश्न ‘आम्ही’ या सर्वनामाचा आहे. मुळशी खोऱ्यातील बऱ्याच जमिनीची मालकी पुण्याच्या सावकारांकडे होती आणि ती कसणारे मावळे कुळे होते. भरपाई चांगली मिळत असल्यास जमीन सोडण्यास हे मालक तयार होते. कुळाचे मात्र जमिनीबरोबर सारेच जाणार होते. अशा स्थितीत ‘आम्ही जमीन देत नाही’ हे म्हणण्यास योग्य व्यक्ती कोण?

कायद्याच्या दृष्टीने देण्याचा किंवा न देण्याचा प्रश्न मालकाचा. कूळ भरपाईत वाटा मागणारा हितसंबंधी. म्हणून समजा, नकाराची रीत अस्तित्वात असती तरीही कुळाचा नकार ऑस्टिन यांच्या दुसऱ्या अटीवर, म्हणजे बोलणाऱ्याच्या पात्रतेवर, अडला असता. जहाजाला नाव देण्याच्या समारंभात भलत्याच माणसाने बाटली फोडावी, तसा तो प्रकार ठरला असता. फरक एवढाच की, येथे ‘भलता’ ठरणारा माणूस ते जहाज पिढ्यान्‌पिढ्या वल्हवीत आला होता. पात्रता ही निसर्गाने दिलेली वस्तू नसून रीत घालून देणाऱ्याने ठरविलेली असते, हे ऑस्टिन यांच्या मांडणीत सूचित आहे. येथे ते उघड होते.

६. शपथ : दुसऱ्या रीतीची उभारणी

एका दरबारात वाया जाणारी उक्ती दुसरीकडे सिद्ध होऊ शकते. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या कामाच्या जागी जाऊन बसले आणि सत्याग्रहाला प्रारंभ झाला. ‘जान किंवा जमीन’ हे त्यांचे ब्रीद होते. पांडुरंग महादेव बापट, विनायकराव भुस्कुटे प्रभृतींचे नेतृत्व या लढ्याला लाभले.

या ब्रीदाची उक्ती म्हणून तपासणी केली तर असे दिसते की, ते अधिकाऱ्याला दिलेले उत्तर नाही. ती प्रतिज्ञा आहे, आणि प्रतिज्ञा सिद्ध होण्यास प्रतिपक्षाची संमती लागत नाही. ती ऐकून घेणारे सोबतचे मावळे, गावकरी आणि साक्षीला बोलाविलेले लोकमत असते. तिची रीतही त्या वेळी उपलब्ध होती. सत्याग्रहाच्या प्रतिज्ञेचा प्रघात १९१८ साली खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी सारा न भरण्याची प्रतिज्ञा घेतली तेव्हापासून देशाला परिचित झाला होता, आणि बेलभंडार उचलून शपथ घेण्याची मराठी मुलखातील परंपरा त्याहून जुनी होती. म्हणून येथे पहिली अट पुरी होते. पात्रतेचा प्रश्नही बदलतो : आपली ‘जान’ पणाला लावण्यास कोणाच्याही मालकी हक्काची गरज नसते. कायद्यापुढे अपात्र ठरणारे कूळ प्रतिज्ञेच्या रीतीत पूर्ण पात्र ठरते. जमिनीवर जाऊन बसणे हा त्या प्रतिज्ञेचा उच्चारच होता. ज्या वाक्याला कागदावर सदर नव्हते ते वाक्य शरीराने, काम अडवून, म्हटले गेले.

या उक्तीला प्रतिसादही मिळाला. धरणाचे काम काही महिन्यांसाठी थांबले. परंतु प्रतिसाद कोणत्या कृतीचा होता, हे नीट वेगळे करून पाहावे लागते. अठ्ठेचाळिसाव्या कलमाने ताबा घेण्यापूर्वी संपादनातून माघार घेण्याची मुभा शासनाला दिली होती. ती माघार ही स्वतंत्र कृतिरूप उक्ती होती आणि ती उच्चारली गेली नाही. काम थांबविणे म्हणजे तहकुबी. तिने सहाव्या कलमाखालील घोषणेला धक्का लागत नाही. थांबण्याला माघार समजणारा श्रोता एका उक्तीला दुसरीच उक्ती समजून बसतो. १९२१ अखेर काम पुन्हा सुरू झाले, तेव्हा कोणतेही कायदेशीर वचन मोडले गेले नव्हते, कारण तसे वचन दिलेच गेले नव्हते. ‘मोडले’ आणि ‘झालेच नाही’ यांतील पूर्वोक्त कसोटी येथे कामी येते.

प्रतिज्ञेच्या बाजूलाही तीच कसोटी लावली पाहिजे. पुढील काळात अनेकांनी भरपाई स्वीकारली. त्यांच्याविषयी ‘त्यांची प्रतिज्ञा झालीच नव्हती’ असे म्हणता येत नाही. प्रतिज्ञा घडली होती. पुढील वर्तन तिला अनुसरून झाले नाही, म्हणजे दोष तिसऱ्या जोडीचा. पण येथे ऑस्टिन यांनीच घातलेली एक मर्यादा आठवली पाहिजे. दडपणाखाली, अगतिकतेने केलेल्या कृतींचे प्रश्न उक्तीच्या सिद्धीच्या अटींत मोडत नाहीत. ते सर्वच मानवी कृतींना लागू होणारे, दोष आणि क्षमा यांविषयीचे प्रश्न आहेत, म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवले. कर्जात बुडालेल्या, मालकाने आधीच जमीन सोडलेल्या कुळाने पैसे घेतले, तर त्याला प्रतिज्ञाभंग हे नाव देता येईल. परंतु त्या नावाने निकाल लागत नाही. सिद्धांत येथवर आणून सोडतो, पुढचा न्याय त्याच्या कक्षेबाहेरचा आहे.

या लढ्यातून बापटांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली, तिचाही येथे उल्लेख करणे योग्य होईल. नेमणूक करणारी सत्ता नाही, नेमणुकीचा कागद नाही, सैन्यही नाही. पहिल्या दोन अटींवर ही उक्ती फसावयास हवी. तरीही ती टिकली आणि बापटांच्या नावाचाच भाग झाली. रीत आधी आणि उक्ती नंतर, असा ऑस्टिन यांच्या मांडणीचा सामान्य क्रम आहे. लोकांनी वारंवार उच्चारून, मानून एखादी रीत नव्याने प्रस्थापित केली तर क्रम उलटतो. अशी उक्ती पहिल्यांदा उच्चारली जाते तेव्हा ती सिद्ध की असिद्ध हे ठरविता येत नाही. ते पुढचे लोक ठरवतात.

७. समारोप

मुळशीच्या प्रसंगातून उक्तीच्या विफलतेविषयी दोन गोष्टी हाती लागतात. पहिली अशी की, उक्ती वाया जाणे हा नेहमीच वक्त्याचा प्रमाद नसतो. ऑस्टिन यांची बहुतेक उदाहरणे चुकलेल्या किंवा अपात्र वक्त्याची आहेत. येथे वक्ता चुकत नाही, रीतच त्याच्या कृतीला जागा देत नाही. दुसरी अशी की, विफल उक्ती हवेत विरत नाही. व्यवस्था तिला दुसऱ्या कृतीच्या रकान्यात घालते, आणि वक्त्याने न केलेली कृती त्याच्या नावावर जमा होते. कथा-कादंबरीतील कचेरी, पंचायत, कोर्ट यांतील संवादांचा अभ्यास करताना ‘पात्र काय बोलले’ याबरोबरच ‘त्याच्या बोलण्याची नोंद कशी झाली’ हे पाहिले, तर पुष्कळशा संवादांचे मर्म उलगडेल.

१८९४ चा कायदा आज अस्तित्वात नाही. त्याची जागा घेणारा २०१३ चा कायदा १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. त्याने खाजगी कंपन्यांसाठीच्या संपादनाला बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची पूर्वसंमती आवश्यक केली. संमती मागितली जाते तेथेच नकाराला अर्थ येतो. म्हणजे १९२१ साली जी रीत नव्हती ती या एका वर्गापुरती निर्माण झाली. मात्र संमतीसाठी मोजावयाची कुटुंबे मुख्यतः ज्यांची स्वतःची जमीन जाते ती आहेत. कुळे व शेतमजूर यांना कायद्याने बाधित म्हणून मान्यता दिली, परंतु संमतीच्या या मोजणीत धरले नाही. पहिली अट काही अंशी पुरी झाली. दुसरीबाबत, म्हणजे ‘आम्ही’ म्हणण्यास पात्र कोण याबाबत, मुळशीच्या कुळाचा प्रश्न जेथे होता तेथेच राहिला आहे.